फरशीच्या मापाने खोलीचे मोजमाप

खोलीच्या फोटोत लांबी-रुंदी सांगणारी पट्टी नसते, पण जमिनीवर फरशी असेल तर पट्टी आपोआपच आलेली असते. एकसारख्या मापाचे चौकोन एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मांडलेले असतात. एका चौकोनाचे माप ठाऊक असले की खोलीचे माप काढता येते. विकाऊ किंवा भाड्याच्या घराच्या जाहिरातीतले फोटो पाहताना, दूरच्या शहरातल्या घरात कपाट किंवा पलंग मावेल का हे ठरवताना, किंवा जुन्या फोटोवरून आता पाडलेल्या खोलीचा आकार जाणून घेताना ही पद्धत उपयोगी पडते. नुसती फरशी मोजून गुणाकार केला तर उत्तर वीतभर चुकू शकते. नीट केली तर त्याच फोटोतून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचा अंदाज मिळतो. हा फरक मुख्यतः भिंतीलगतच्या कापलेल्या तुकड्यांमुळे पडतो.

सुरुवात फरशीच्या मापापासून करावी लागते, कारण ते चुकले तर पुढचे सगळे त्याच प्रमाणात चुकते. गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या सदनिकांत बहुतेक ठिकाणी व्हिट्रिफाइड टाइल असते आणि तिला बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणतात. प्रत्यक्षात ती दोन फुटांची नसते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आणि ही टाइल ६०० मिलिमीटरची. एका टाइलमागे साडेनऊ मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण आठ टाइलच्या लांबीवर तो तीन इंच होतो. म्हणून हिशेब मिलिमीटरमध्ये करावा आणि फूट-इंच अगदी शेवटी काढावेत. टाइल बसवताना दोन टाइलमध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर ठेवतात आणि नंतर त्या फटीत ग्राउट भरतात. कडा घासून सरळ केलेल्या टाइलला ही फट साधारण दोन मिलिमीटरची असते. तेव्हा एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचे अंतर ६०२ मिलिमीटर धरणे योग्य.

इतर मापेही भेटतात. मोठ्या दिवाणखान्यांत ८०० मिलिमीटरची चौकोनी टाइल दिसते, अलीकडे ६०० गुणिले १२०० ची ‘दोन बाय चार’ही बरीच दिसते. जुन्या इमारतींतल्या सिमेंटच्या मोझॅक टाइलसाठी भारतीय मानकात २००, २५० आणि ३०० मिलिमीटर अशी मापे आहेत. बोलण्यात ती आठ, दहा आणि बारा इंची होतात. शहाबादी फरशीवर मात्र विसंबू नये. तिचे दगड वेगवेगळ्या मापांत कापलेले असतात आणि एकाच खोलीतही ओळीगणिक रुंदी बदलू शकते.

आता फोटोकडे वळू. पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या सदनिकेचा हॉल आहे असे धरू. फोटो दारात उभे राहून, मोबाइल उभा धरून, समोरच्या बाल्कनीच्या भिंतीच्या दिशेने काढला आहे. फोटोची रुंदी ३००० पिक्सेल आणि उंची ४००० पिक्सेल आहे. जमिनीवर चौकोनी टाइल आहे आणि ती ६०० मिलिमीटरची असावी असा प्राथमिक अंदाज आहे. पिक्सेल मोजायला चित्रांवर काम करण्याचे कोणतेही साधे सॉफ्टवेअर पुरते. कर्सर जिथे न्यावा तिथला आडवा आणि उभा आकडा ते दाखवते.

खोलीची रुंदी काढणे सोपे असते. समोरची भिंत कॅमेऱ्याला सरळ सामोरी असेल, तर त्या भिंतीच्या पायथ्याशी असलेली सगळी अंतरे फोटोत एकाच प्रमाणात लहान झालेली असतात. भिंतीचा पायथा फोटोत आडव्या ओळीला समांतर दिसतो का, एवढे पाहिले की सामोरेपणाची खात्री होते. इथे पायथ्याजवळ पाच पूर्ण टाइल मिळून १९५० पिक्सेल भरतात, म्हणजे एक टाइल ३९० पिक्सेलची. पाच टाइल एकत्र मोजून भागाकार केल्यामुळे एखाद्या सांध्यावर कर्सर जरासा हलला तरी बिघडत नाही. डावीकडे पहिली टाइल पूर्ण आहे. उजवीकडे भिंतीलगत कापलेला तुकडा १४६ पिक्सेलचा आहे. १४६ ला ३९० ने भागले की ०.३७४ येतात, म्हणजे तुकडा साधारण २२५ मिलिमीटरचा. पाच वेळा ६०२ आणि वर २२५ मिळून ३२३५ मिलिमीटर, म्हणजे दहा फूट सात इंचांहून किंचित जास्त.

लांबीच्या दिशेने हेच करायला गेले की चूक होते. कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या टाइल फोटोत झपाट्याने बुटक्या होत जातात. समोरच्या भिंतीलगत लांबीच्या दिशेनेही एक कापलेली ओळ आहे. फोटोत तिची उंची ७४ पिक्सेल आहे आणि तिच्या अलीकडच्या पूर्ण टाइलची १६८. सरळ भागाकार केला तर ०.४४ येतात, म्हणजे तुकडा २६ सेंटिमीटरचा वाटतो. पण तो तुकडा पूर्ण टाइलच्या पलीकडे, अधिक दूर आहे. त्यामुळे तो आहे त्याहून लहान दिसतो. त्याची खरी लांबी शोधायला क्षितिजरेषा लागते.

क्षितिजरेषा म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या पातळीतली रेषा. खोलीत ती कुठे काढलेली नसते, पण फरशीवरून सापडते. कॅमेऱ्यापासून दूर जाणारे दोन सांधे निवडावेत, शक्यतो एक अगदी डावीकडचा आणि एक उजवीकडचा, आणि ते फोटोवर पुढे वाढवावेत. प्रत्यक्षात समांतर असलेले हे सांधे फोटोत समोरच्या भिंतीवर कुठेतरी एकमेकांना छेदतात. या छेदाला लोपबिंदू म्हणतात. फोटो आडवा कललेला नसेल तर लोपबिंदूतून जाणारी आडवी रेषा हीच क्षितिजरेषा. इथे ती समोरच्या भिंतीच्या पायथ्याच्या ९६० पिक्सेल वर येते.

यानंतरचा नियम यथार्थदर्शनाच्या भूमितीतून येतो आणि तो एका वाक्यात मावतो: जमिनीवरचा बिंदू कॅमेऱ्यापासून जितका दूर, तितका तो फोटोत क्षितिजरेषेच्या जवळ. दुप्पट दूर असलेला बिंदू क्षितिजाखाली निम्म्या अंतरावर दिसतो. म्हणून फोटोतल्या अंतरांचे गुणाकार व्यस्त घेतले की खरे अंतर परत मिळते. समान अंतरावरच्या सांध्यांचे व्यस्तही समान फरकाने वाढत जातात. मोबाइल थोडा खाली झुकवला असला तरी जमिनीपुरता हा नियम तसाच राहतो.

फोटोच्या खालच्या कडेपासून भिंतीकडे जाताना आडवे सांधे क्षितिजरेषेखाली अनुक्रमे २३४७, १७८१, १४३५, १२०२ आणि १०३४ पिक्सेलवर आहेत, आणि भिंतीचा पायथा ९६० वर. व्यस्त फार लहान निघतात, म्हणून सोयीसाठी १,००,००० ला या प्रत्येक आकड्याने भागू. उत्तरे येतात ४२.६१, ५६.१५, ६९.६९, ८३.१९ आणि ९६.७१, भिंतीसाठी १०४.१७. शेजारशेजारच्या सांध्यांतले फरक १३.५४, १३.५४, १३.५० आणि १३.५२ आहेत. म्हणजे एक टाइल बरोबर सुमारे १३.५३. शेवटच्या सांध्यापासून भिंतीपर्यंतचा फरक ७.४६ आहे. त्याला १३.५३ ने भागले की ०.५५ मिळतात. कापलेला तुकडा ३३ सेंटिमीटरचा आहे, २६ चा नाही. डोळ्यांना पटलेल्या साध्या भागाकारात तब्बल सात सेंटिमीटर हरवले होते.

या गणिताची एक जमेची बाजू अशी की ते स्वतःची तपासणी स्वतःच करते. क्षितिजरेषा चुकीच्या जागी काढली तर सांध्यांमधले फरक समान राहत नाहीत. वरच्या उदाहरणात ती ५० पिक्सेल वर धरली तर फरक जवळच्या टाइलला १२.९०, पुढे १२.७२, १२.५३ आणि १२.३८ असे घसरत जातात. अशी एका दिशेची घसरण किंवा वाढ दिसली की रेषा पुन्हा काढावी. फरक मध्येच एका ठिकाणी उडी घेत असेल तर एखादा सांधा मोजायचा राहिला आहे, किंवा टाइलच्या नक्षीतली रेघ सांधा समजून मोजली गेली आहे. संगमरवरासारख्या शिरा असलेल्या चकचकीत टाइलमध्ये ग्राउट टाइलच्याच रंगाचे असले की हा घोळ सहज होतो. अशा वेळी टाइलच्या कोपऱ्यांतून तिरकी रेषा ओढून पाहावी. ओळीने येणाऱ्या टाइलचे समोरासमोरचे कोपरे फोटोतही एकाच सरळ रेषेवर आले पाहिजेत. इटालियन स्थापत्यकार लिओन बातिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात फरसबंदी चितारण्याची रीत सांगितली आहे. ती बरोबर साधली का हे तपासायला त्याने हाच कर्ण वापरला होता. चित्रकाराने चौकोनांवरून खोली उभी केली, इथे खोलीवरून चौकोन वाचायचे आहेत, भूमिती तीच.

एका फोटोत आतापर्यंत चार पूर्ण टाइल आणि एक तुकडा एवढीच लांबी हाती आली. कॅमेऱ्याच्या पायाजवळची जमीन फोटोत येतच नाही. मोबाइल आडवा धरून काढलेल्या फोटोत हा न दिसणारा भाग आणखी मोठा असतो. जमीन मोजायची असेल तर उभा फोटो बरा. राहिलेल्या भागासाठी उलट दिशेने, म्हणजे बाल्कनीकडून दाराकडे काढलेला फोटो लागतो. जाहिरातीत असे फोटो बहुधा असतात. दोन्ही फोटोंत ओळखू येणारी एक खूण मात्र हवी. या हॉलमध्ये आतल्या पॅसेजची चौकट ज्या सांध्याशी जुळते, तोच सांधा पहिल्या फोटोत सर्वांत खाली, २३४७ पिक्सेलवर दिसतो. दुसऱ्या फोटोत त्या सांध्यापासून दाराच्या भिंतीपर्यंत तीन पूर्ण टाइल आहेत. दारापाशी टाइल पूर्ण आहे आणि कापलेला तुकडा समोरच्या भिंतीकडे, हे फरशीवाल्यांच्या नेहमीच्या रीतीला धरूनच आहे: आत येताच नजर जाते तिथून पूर्ण टाइलने सुरुवात करायची आणि तुकडे सोफ्याखाली किंवा पडद्याखाली लपतील असे सोडायचे. तेव्हा एकूण लांबी सात टाइल आणि एक तुकडा. सात वेळा ६०२ आणि वर ३३० मिळून ४५४४ मिलिमीटर, म्हणजे चौदा फूट अकरा इंच.

हे सगळे टाइल ६०० मिलिमीटरची आहे या गृहीतकावर उभे आहे. ते तपासण्याची सोय त्याच फोटोत असते. टाइलची फोटोतली रुंदी आणि ती जिथे मोजली तिथून क्षितिजरेषेचे अंतर यांचे प्रमाण कॅमेऱ्याच्या उंचीवर अवलंबून असते. टाइलचे खरे माप गुणिले क्षितिजापर्यंतचे अंतर, भागिले टाइलची फोटोतली रुंदी, एवढे केले की कॅमेरा जमिनीपासून किती वर होता ते कळते. इथे ६०२ ला ९६० ने गुणून ३९० ने भागले की १४८२ मिलिमीटर येतात. उभ्या माणसाने छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर मोबाइल धरला तर जवळपास इतकीच उंची अपेक्षित आहे. टाइल ८०० ची असती तर मोबाइल जवळजवळ दोन मीटर उंचीवर, डोक्याच्याही वर धरलेला निघाला असता. ३०० ची असती तर पाऊण मीटरवर, म्हणजे कमरेच्याही खाली. कॅमेरा खाली झुकला असेल तर ही उंची किंचित जास्त निघते, पण दहा अंशांच्या झुकावालाही चूक दीड टक्क्याचीच असते.

दुसरी तपासणी दाराची. आपल्याकडे दारे आणि बाल्कनीचे सरकते दरवाजे बहुधा सात फुटांच्या, म्हणजे साधारण २१०० मिलिमीटरच्या पातळीला संपतात. बाल्कनीच्या दरवाजाची चौकट फोटोत पायथ्यापासून १३९० पिक्सेल उंच आहे. क्षितिजरेषेपर्यंतचे ९६० पिक्सेल म्हणजे १४८२ मिलिमीटर, या हिशेबाने चौकट २१४६ मिलिमीटरची निघते, म्हणजे सात फुटांच्या अगदी जवळ. टाइल ८०० ची धरली असती तर हाच दरवाजा सव्वानऊ फुटांहून उंच झाला असता. दोन्ही तपासण्या ६०० च्याच बाजूने बोलत असल्याने गृहीतक पक्के धरायला हरकत नाही.

याच रीतीने छताची उंची काढण्याचा मोह होतो, पण तिथे जपून राहावे लागते. जमिनीला झुकावाने फरक पडत नव्हता. उभ्या भिंतीला पडतो. मोबाइल आठ अंश जरी खाली झुकला असला तरी क्षितिजरेषेवरचा भिंतीचा भाग फोटोत नऊ-दहा टक्के ताणलेला दिसू शकतो आणि नऊ फुटांचे छत साडेनऊच्या घरात जाते. दाराच्या चौकटी आणि भिंतींच्या उभ्या कडा फोटोत एकमेकींना समांतर दिसत असतील तरच छताच्या उंचीवर विश्वास ठेवावा. त्या खाली एकमेकींकडे झुकत असतील तर कॅमेरा झुकलेला आहे असे समजावे.

बहुतेक जाहिरातींचे फोटो इतके सरळ नसतात. फोटो कोपऱ्यातून काढला असला तर कोणतीच भिंत सामोरी नसते आणि रुंदीची सोपी रीत चालत नाही. तरी फरशीला दोन दिशांचे सांधे असतात आणि प्रत्येक दिशेला स्वतःचा लोपबिंदू असतो. ज्या भिंतीची लांबी हवी, तिच्या पायथ्याची रेषा तिच्या लोपबिंदूपर्यंत वाढवावी आणि प्रत्येक सांध्याचे अंतर त्या बिंदूपासून मोजावे. पुढे व्यस्तांचे गणित जसेच्या तसे लागू होते. लोपबिंदू अनेकदा फोटोच्या बाहेर दूर जातो. त्यासाठी फोटोभोवती रिकामी जागा वाढवून रेषा ओढाव्या लागतात.

खरा अडथळा रुंद कोनाच्या लेन्सचा आहे. छोटी खोली मोठी दिसावी म्हणून घर दाखवणारे लोक ती हमखास वापरतात. खोली मोठी ‘दिसण्या’ने टाइलच्या मोजणीत काहीच बिघडत नाही, कारण टाइलही तितकीच ताणली जाते. बिघडते ते सरळ रेषा वाकल्यावर. फोटोच्या कडेजवळच्या सांध्यावर कागदाची सरळ कड धरून पाहावी. सांधा मध्यभागी फुगलेला दिसला तर त्या भागातली मापे वापरू नयेत. फोटोच्या मधल्या भागातले सांधे घ्यावेत किंवा दुसरा फोटो शोधावा. फोटो कापून लहान केलेला असेल तर मात्र या मोजणीला धक्का लागत नाही. तो एका दिशेने ताणलेला असेल तर व्यस्तांचे गणित सुटेल, पण कॅमेऱ्याची उंची विचित्र निघेल आणि तिथे ताण उघडा पडेल.

भिंती काटकोनात नसणे ही फोटोतली चूक नसून बांधकामातली असते आणि फरशी तीही दाखवते. टाइलच्या ओळी गुण्याला धरून सरळ बसवलेल्या असतात. भिंत तिरकी असेल तर तिच्या कडेचा कापलेला तुकडा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होत जातो. अशा खोलीला एकच रुंदी नसते. दोन्ही टोकांना वेगळे मोजावे लागते.

शेवटी, मोजलेले अंतर नेमके कुठून कुठपर्यंतचे आहे हेही पाहावे. भिंतीच्या पायथ्याला लावलेले स्कर्टिंग बहुधा प्लॅस्टरच्या पुढे आठ-दहा मिलिमीटर आलेले असते. फोटोत दिसणारी फरशी स्कर्टिंगपाशी संपते. म्हणून भिंत ते भिंत मापासाठी दोन्ही बाजूंचे मिळून वीसेक मिलिमीटर वाढवावेत. या हॉलची मापे मग ३२५५ आणि ४५६४ मिलिमीटर होतात आणि क्षेत्रफळ साधारण १४.८६ चौरस मीटर, म्हणजे १६० चौरस फूट. कर्सरच्या दोन-तीन पिक्सेलच्या चुकीने प्रत्येक मापात एक-दीड सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. स्कर्टिंगचा अंदाज धरून दोन सेंटिमीटरची सूट ठेवावी.

जाहिरातीत हाच हॉल ‘अकरा बाय पंधरा’ लिहिला असेल तर पंधरा फुटांच्या ४५७२ मिलिमीटरशी लांबी जुळते. रुंदी ३३५३ हवी होती. ती ९८ मिलिमीटरने कमी आहे. नकाशावरची मापे अनेकदा विटेपासून विटेपर्यंतची असतात आणि दोन्ही बाजूंचे प्लॅस्टर मिळून पंचवीस-तीस मिलिमीटर खाते. उरलेले सात सेंटिमीटर प्लॅस्टरने किंवा मोजणीच्या सुटीने भरून निघत नाहीत. तिथे विक्रेत्याकडे नकाशा मागावा. अशा खोल्यांची बेरीज करून सदनिकेच्या कार्पेट क्षेत्राशी ताडून पाहताना मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळलेली आहेत, पण घराच्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा कार्पेट क्षेत्रात धरलेली आहे. फरशीवरून काढलेली बेरीज तितक्या जागेने कमीच येणार.